चतकोर गोळीचा हिशेब

झोपेची गोळी बंद केल्यावर पहिली रात्र बरी गेली. काकूंना वाटलं, उगाच घाबरत होतो. दुसऱ्या रात्री दोन वाजता जाग आली ती आलीच. तिसऱ्या रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. छाती धडधडत होती, पाठीला घाम फुटला होता. शेजारच्या घरातल्या पंख्याचा आवाज थेट कानात शिरत होता. पहाटे चहाचा कप उचलताना हात इतका थरथरला की बशीत चहा सांडला. चौथ्या रात्री काकांनीच कपाटातून गोळी काढून दिली आणि काकू वीस मिनिटांत झोपल्या. सकाळी दोघांचंही एकमत झालं, गोळीशिवाय काही हिला झोप यायची नाही.

या काकू म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही गल्लीत भेटतील अशा चार-पाच जणींवरून मी त्या उभ्या केल्या आहेत, म्हणून त्यांना नाव देत नाही. वय एकसष्ट. नऊ वर्षांपूर्वी काकांची बायपास झाली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर रात्री काढून त्यांची झोप उडाली. डॉक्टरांनी अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, दहा दिवसांसाठी. काका बरे झाले, फिरायला जायला लागले, आणि गोळी घरातच राहिली.

दहा दिवसांची नऊ वर्षं होणं आपल्याकडे अवघड नाही. खरं तर ही गोळी औषधांच्या ‘एच-१’ यादीत आहे. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो, चिठ्ठीशिवाय विकायची नाही असा कायदा आहे, आणि औषध दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपून ठेवायची असते. पण मेडिकलवाला ओळखीचा असतो, चिठ्ठी जुनी असली तरी ‘तीच ना काकू?’ म्हणून स्ट्रिप पुढे येते. हे सगळं कुणाच्या वाईटावर नसतं. म्हणूनच ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता त्या तिसऱ्या रात्रीकडे वळू, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो.

मेंदूत ‘गाबा’ नावाचं एक रसायन असतं. पेशींना शांत राहायला सांगणं हे त्याचं काम. अल्प्राझोलाम आणि त्याच्या जातीची औषधं स्वतः झोप आणत नाहीत, ती गाबाचा आवाज वाढवतात. पहिले काही दिवस याचा छान गुण येतो. पण रोज रात्री कुणीतरी बाहेरून हा आवाज वाढवतंय हे मेंदूला कळतं आणि तो आपल्या बाजूने ऐकणं कमी करतो. गाबाला प्रतिसाद देणारी यंत्रणा मंदावते, जागं ठेवणारी यंत्रणा जोर धरते आणि दोन्हींचा नवा समतोल बसतो. समोरून वारा असला की माणूस पुढे कलून चालतो, तसं हे आहे. वारा एकाएकी पडला तर तो तोंडावर आपटतो, आणि त्यात त्याच्या पायांचा काही दोष नसतो.

काकूंचा वारा एका रात्रीत पडला होता. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण अकरा तासांत निम्मं होतं, वयस्कर माणसांत याहून थोडं सावकाश. म्हणजे पहिल्या रात्री आदल्या दिवसाचं औषध शरीरात बऱ्यापैकी शिल्लक होतं, म्हणून ती रात्र बरी गेली. तिसऱ्या रात्रीपर्यंत ते जवळजवळ संपलं. डायझेपामसारखं रेंगाळणारं औषध असतं तर हाच त्रास आणखी काही दिवस उशिरा आणि संथपणे आला असता. त्रास कधी येतो हे गोळी कोणती यावर ठरतं, ही गोष्ट साधी आहे, पण घरात कुणाला माहीत नसते.

अमेरिकेतले झोपेचे अभ्यासक अँथनी केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये या उलटून येणाऱ्या निद्रानाशाचं वर्णन केलं. गोळी थांबवल्यावर झोप नुसती मूळपदावर जात नाही, ती गोळी सुरू होण्याआधी होती त्याहूनही काही काळ बिघडते. यात फसवं काय, तर गोळी परत घेतली की हा बिघाड तासाभरात मिटतो. मग माणूस निष्कर्ष काढतो की मला गोळीची गरज आहे. खरं म्हणजे गोळीने दिलेलं दुखणं गोळीनेच झाकलेलं असतं. काकूंची ती चौथी रात्र याचा पुरावा होती, आणि त्यांनी तो नेमका उलटा वाचला.

मग जुना निद्रानाश परत आला आहे की हा गोळी सोडल्याचा त्रास आहे, हे ओळखायचं कसं? एक म्हणजे वेळ पाहायची. सोडल्याचा त्रास मात्रा कमी केल्यावर काही दिवसांत चढतो, शिगेला जातो आणि मग उतरायला लागतो. जुना आजार हळूहळू येतो आणि मुक्काम करतो. दुसरं, पूर्वी कधीच नसलेल्या गोष्टी दिसतात का ते पाहायचं. काकूंना नऊ वर्षांपूर्वी झोप येत नव्हती, पण हात थरथरत नव्हते, घाम फुटत नव्हता, ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत खुपत नव्हता. ही लक्षणं काळजीची नव्हेत, औषध एकदम काढून घेतल्याची आहेत.

आणि काकू थोडक्यात वाचल्या, हेही सांगायला हवं. अनेक वर्षं रोज घेतलेली ही गोळी झटक्यात सोडली तर काहींना फिट येते, काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसायला लागतात. मात्रा जास्त असेल, दारूची सवय असेल किंवा पूर्वी कधी फिट आलेली असेल तर हा धोका वाढतो. असं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून ‘आजपासून बंद’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा.

सहा महिन्यांनी सून काकूंना दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. निमित्त वेगळंच होतं. रात्री बाथरूमला जाताना काकू उंबऱ्याला अडखळून पडल्या होत्या. हाड मोडलं नाही एवढंच. डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद करा असं म्हटलंच नाही. त्यांनी एक वही दिली. अंथरुणात किती वाजता गेलात, अंदाजे किती वेळ झोपलात, उठलात किती वाजता, एवढंच दोन आठवडे लिहायचं.

वहीतून निघालं ते गमतीशीर होतं. काकू साडेनऊला आडव्या व्हायच्या आणि साडेसहाला उठायच्या. नऊ तास अंथरुणात, त्यातले झोपेचे साडेपाच. म्हणजे गोळी घेऊनही त्या साडेतीन तास कुशी बदलत होत्या. “काकू, उद्यापासून साडेअकराच्या आधी पाठ टेकायची नाही, आणि झोप लागो न लागो, साडेपाचला उठायचं,” डॉक्टर म्हणाल्या. काकूंना ही शिक्षाच वाटली. झोप येत नाही म्हणून आलेल्या बाईला झोपायलाच मनाई!

पण या पद्धतीमागे विचार आहे. जागेपणाचे तास साठत जातात तशी झोपेची ओढ वाढते. साडेनऊला पडून ती ओढ काकू पातळ करून टाकत होत्या. झोप सहा तासांच्या चौकटीत कोंबली की ती सलग होते. मग अंथरुणातल्या वेळापैकी पंचाऐंशी टक्क्यांहून जास्त वेळ झोपेत जायला लागला की चौकट पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायची. पाच तासांच्या खाली मात्र ती कधीच न्यायची नाही, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत दुपारी पेंग येते म्हणून स्कूटर चालवायची नाही.

त्याच्या जोडीला दुसरा नियम. वीसेक मिनिटं झाली आणि झोप लागत नाही असं वाटलं, घड्याळ न पाहता, नुसतं वाटलं, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं. पेंग आली की परत यायचं. अंथरूण म्हणजे तळमळीची जागा अशी मनाने बांधलेली गाठ त्याशिवाय सुटत नाही. कंटाळवाणं काय करायचं, हे काकूंनी स्वतः शोधलं. त्या देवघरासमोर बसून फुलवाती वळायला लागल्या.

हा सगळा खटाटोप गोळीला हात लावण्यापूर्वी झाला, आणि मला वाटतं शहाणपणा तिथेच होता. गोळी काढायची तर तिच्या जागी आधी काहीतरी उभं हवं. कॅनडात चार्ल्स मॉरिन यांनी वयस्कर लोकांवर केलेला एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती मात्रा कमी करत नेलेल्यांपैकी ४८ टक्के लोकांची गोळी उपचार संपताना सुटली होती. मात्रा कमी करण्याबरोबर झोपेची ही शिस्तही शिकवली, त्या गटात हा आकडा ८५ टक्के होता. प्रयोग छोटा होता, पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

मग आली कापाकापी. डॉक्टरांनी अर्ध्या मिलिग्रॅमच्या एका गोळीऐवजी पाव मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिल्या आणि मेडिकलमधून गोळी कापायची डबी आणायला सांगितली. एका गोळीचे चार तुकडे, म्हणजे रोजच्या मात्रेचे आठ चतकोर. दर तीन आठवड्यांनी एक चतकोर कमी. तुकडे काही सारखे पडत नाहीत, एक जाडा तर एक चुरा. म्हणून एका गोळीचे तुकडे पुढच्या काही दिवसांत ओळीने संपवायचे, की सरासरी बरोबर राहते. सावकाश विरघळणाऱ्या, ‘एस. आर.’ लिहिलेल्या गोळ्या मात्र कधीच कापायच्या नाहीत, कारण कापली की सगळं औषध एकदम सुटतं.

इथे एक हिशेब आहे जो वरवर दिसत नाही. आठातून एक चतकोर गेला की मात्रा साडेबारा टक्क्यांनी कमी होते. चारातून एक गेला की पंचवीस टक्क्यांनी. दोनातून एक गेला की थेट निम्मी. तुकडा तेवढाच, पण मेंदूच्या दृष्टीने पायरी दर वेळी उंच होत जाते. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या व्यसनोपचार तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कपात सुचवली आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांच्या पुढे जाऊ नका असं सांगितलं. चतकोराहून लहान तुकडा घरी होत नाही. अशा वेळी काही डॉक्टर डायझेपामवर नेतात. ते शरीरातून सावकाश जातं, त्यामुळे उतार सौम्य होतो. पण वय झालेल्या शरीरात ते साठतं आणि दिवसा गुंगी येते. आधीच एकदा पडलेल्या बाईला ते नको, म्हणून काकूंच्या डॉक्टरांनी शेवटच्या तीन पायऱ्यांवर प्रत्येकी चार आठवडे थांबायचं ठरवलं. त्रास झाला तर आणखी थांबायचं, पण मागे फिरायचं नाही.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं. त्यांचाही आग्रह हाच होता की वेग रुग्णाच्या हातात हवा. मला हे नुसतं दयाळूपणाचं वाटत नाही, ते व्यवहाराचंही आहे. घाईने उतरलेला माणूस बहुधा परत वर चढतो.

जवळपास साडेपाच महिन्यांनी काकूंच्या हातात शेवटचा चतकोर उरला. मिलिग्रॅमचा सोळावा हिस्सा. औषध म्हणून त्यात फार काही नव्हतं, पण तो सोडणं सगळ्यात जड गेलं. “अहो, असू दे की एवढा तुकडा, काय बिघडतंय,” असं त्या काकांना आठवडाभर म्हणत होत्या. शेवटी श्रावण लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी तो घेतला नाही.

पहिला आठवडा वाईटच होता. पण पहिल्या खेपेसारखा नव्हता. घाम नाही, थरथर नाही, कप हातातून हिंदकळला नाही. होती ती नुसती तगमग. तोवर झोपेची चौकट साडेसहा तासांवर आली होती, त्यात वहीत साडेचार तासांची नोंद व्हायची. काकू बाराला उठायच्या, पुन्हा अडीचला उठायच्या. त्या आठवड्यात इतक्या फुलवाती झाल्या की सुनेने डबे भरून शेजारीपाजारी वाटल्या. श्रावण होता म्हणून खपल्या.

याच दिवसांत काकांशी एक वाद झाला. काकू म्हणायच्या, “तीनपर्यंत टक्क जागी होते.” काका म्हणायचे, “दोनला तू घोरत होतीस, मी ऐकलंय.” दोघंही खोटं बोलत नव्हती. हलकी, तुटक झोप माणसाला जागेपणासारखी वाटते. आणि त्याची दुसरी बाजू जास्त मोलाची आहे. या गोळ्या स्मृतीवरही पडदा टाकतात. गोळी घेत असताना काकू रात्री उठायच्या, पाणी प्यायच्या आणि सकाळी त्यांना त्यातलं काहीच आठवायचं नाही. ‘गोळीने एकसंध झोप लागते’ या समजात काही भाग झोपेचा होता, काही विसरण्याचा. गोळी गेली आणि प्रत्येक जाग हिशेबात यायला लागली.

दुसऱ्या आठवड्यात स्वप्नं आली. नऊ वर्षं काकूंना स्वप्न पडल्याचं आठवत नव्हतं. आता पहाटेपहाटे धो धो स्वप्नं. सासूबाई माजघरात उभ्या राहून पुरणाला चटका बसला म्हणून ओरडतायत, गेलेला भाऊ एसटीच्या टपावर बसलाय. काकू घाबरल्या, भटजींना विचारायचं का इथवर गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. या गोळ्या स्वप्नांची झोप दाबतात आणि गाढ झोपेचा सर्वांत खोल भागही कमी करतात. दाब गेला की स्वप्नांची झोप काही दिवस उसळून वर येते. भीती वाटली तरी खूण चांगलीच आहे. काही आठवड्यांत ती आपोआप बसते.

खरा धोका रात्रीचा नव्हता, दिवसाचा होता, कारण सल्ले दिवसा मिळतात. भिशीतल्या एकीने सर्दीची गोळी सुचवली, “तिनेसुद्धा मस्त झोप येते.” येते खरी. पण जुन्या पद्धतीच्या सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी साठीनंतर लघवी तुंबू शकते, डोकं गोंधळतं, आणि पडण्याची भीती परत तीच. दिराने चमचाभर ब्रँडी सांगितली. दारू मेंदूत जवळपास त्याच जागी काम करते जिथे अल्प्राझोलाम करत होती. म्हणजे पुढच्या दाराने काढलेला पाहुणा मागच्या दाराने आत. काकूंनी दोन्हींना नकार दिला. मात्र संध्याकाळी पाचचा चहा त्यांना दुपारी दोनवर आणायला लावला, त्यावर त्या अजून नाराज आहेत.

तिसऱ्या आठवड्यात वहीतला आकडा साडेपाच-पावणेसहा तासांवर आला. साडेसहापैकी पावणेसहा, म्हणजे अंदाजे अठ्ठ्याऐंशी टक्के. गोळी घेत होत्या तेव्हाही झोप साडेपाच तासांचीच होती, ही गोष्ट काकूंच्या लक्षात सुनेने आणून दिली. दुपारचं डोकं मात्र हलकं झालं होतं. शब्दकोड्यातले शब्द पटकन सुचायला लागले होते आणि उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागत नव्हता.

मधे एका रात्री पुतणीच्या लग्नघरी काकूंना तासभरही झोप लागली नाही. जुन्या सवयीने हात पर्समध्ये गेला. पर्समध्ये गोळी नव्हती, उरलेली स्ट्रिप सुनेने आधीच बाजूला केली होती. अशा रात्रीसाठी डॉक्टरांचा नियम ठरलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आडवं व्हायचं नाही, रात्री लवकर झोपायचं नाही, उठायचं मात्र साडेपाचलाच. एका रात्रीचं कर्ज पुढची रात्र आपण न मागता फेडते. तसंच झालं.

गोष्ट इथे पूर्ण सुटली असं नाही. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की दोन-तीन महिन्यांनंतरही झोप मोडत राहिली तर तो गोळी सोडल्याचा त्रास समजायचा नाही, मूळ कारण शोधायचं. थायरॉइड, रात्री पायांची होणारी अस्वस्थता, दबून राहिलेलं नैराश्य, काहीही असू शकतं. काकूंच्या बाबतीत धागा काकांच्या वादातूनच मिळाला. “घोरते म्हणजे कशी?” असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, “मधेच बंद पडतं, मग एकदम मोठा श्वास घेते.” झोपेत श्वास अडकण्याचा हा विकार असू शकतो, आणि झोपेच्या गोळ्यांनी तो बळावूही शकतो. नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. रात्रभर श्वास आणि प्राणवायूची पातळी मोजणाऱ्या तपासणीसाठी काकूंनी पुढच्या महिन्यातली तारीख घेतली आहे, दिवाळीचा फराळ आटोपल्यानंतरची.